बदाम आठ

निमोण्यात नागसेनला मागून 'नंतरवाला' म्हणत. समोरून म्हणायची सोय नव्हती, कारण गावातल्या हळदीला, बारशाला आणि जयंतीला भोंगे त्याचेच लागत. पण स्वभाव म्हणजे स्वभाव. पत्रा गळतोय? नंतर बघू. दाढ दुखतेय? नंतर बघू. त्याची आई सोजराबाई म्हणायची, हा पोटातूनसुद्धा नंतरच आला. सुईण दोनदा येऊन चहा पिऊन परत गेली होती.

अशा माणसाला शोभेल असा धंदा देवाने दिला नसता, तो त्याने स्वतःच शोधला. तरुणपणी पुण्यात मालिकांच्या शूटिंगला तो लांब काठीला माइक लावून नटांच्या डोक्यावर धरायचा. तिथल्या एका म्हाताऱ्या साऊंडवाल्याने त्याला दोन माइकची एक रीत शिकवली. बाकी सगळं तो विसरला, ही रीत मात्र त्याच्या मनात घर करून बसली, कारण शिकवताना म्हातारा म्हणाला होता, "ह्यात आवाजाची रुंदी, म्हणजे तो दोन्ही बाजूंना किती पसरायचा, ते नंतर ठरवता येतं." ते ऐकून नागसेनला आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

पुढे त्याने दौंडला मोबाइलच्या दुकानामागे एक खोली घेतली. भिंतींना गोधड्या टांगल्या, कॉम्प्युटर मांडला, आणि भजनी मंडळं, शाहीर, भीमगीतांचे संच यांचं रेकॉर्डिंग सुरू केलं. स्टेशन जवळ असल्यामुळे गाडी आली की काम थांबवावं लागे. गिऱ्हाइकं वैतागत, हा मात्र हातावर तंबाखू घेऊन निवांत बसे. गाडी काय, जाईलच की.

निमोण्याच्या महिला मंडळाचा पाळणा रेकॉर्ड करायचा, हे बरेच दिवस चाललं होतं. हा पाळणा म्हणजे त्या वस्तीचा जीव. बाबासाहेबांच्या जन्माचा, पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत एकेका दिवसाची एकेक ओळ. ओळ म्हणायची विठाबाईने आणि मागून झील धरायची बाकीच्या बायांनी. विठाबाई म्हणजे नागसेनची थोरली चुलती. तो तिला मोठीआई म्हणे. तिचा आवाज खणखणीत, आणि तिच्या पाठांतराचं पंचक्रोशीत कौतुक. लिहिता-वाचता येत नसताना अख्खा पाळणा तोंडपाठ. "विठाबाईला कागद लागत न्हाई," हे वाक्य निमोण्यात कौतुकाचं शेवटचं टोक होतं.

सोजराबाई तिची धाकटी जाऊ. ती जन्मभर झीलकरी. एकटीने गाताना तिला कुणी ऐकलं नव्हतं. मुलगा आवाजाच्या धंद्यात, पण आईचा गाण्यातला आवाज त्याने कधी वेगळा काढून ऐकला नव्हता. ते काय, नंतरही ऐकता आलं असतं.

दिवाळीनंतर एका दुपारी अखेर तो विहारात स्टँड घेऊन आला. विहार म्हणजे एक लांबट खोली, समोर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली सतरंजी. बायांना वेगवेगळं गायला सांगितलं असतं तर एकीनेही तोंड उघडलं नसतं. सगळ्यांनी एकदमच गायचं, आणि त्याने एकाच जागेवरून ते धरायचं. त्यासाठी म्हाताऱ्याची रीत बरी. त्याने एका स्टँडवर दोन माइक बसवले, एकावर एक, अगदी तोंडाला तोंड लावून.

"दोन कशाला रं? एक बिघडला तर दुसरा?" सिंधूबाईने विचारलं. ती शेजारची, मंडळातली सगळ्यात चेष्टेखोर बाई.

नागसेनने समजावलं. खालचा माइक समोर तोंड करून. त्याची ऐकायची हद्द कागदावर काढली तर बदामासारखी येते. समोरचं नीट ऐकतो, बाजूचं अर्धं ऐकतो, पाठीमागचं त्याला ऐकू येत नाही. वरचा माइक आडवा. त्याची हद्द इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, एक पोट डावीकडे, एक उजवीकडे. त्याला फक्त दोन्ही बाजूंचं ऐकू येतं. समोर कुणी बोंब मारली तरी तो ढिम्म, आणि मागे मारली तरी ढिम्म.

"आमच्या ह्यांच्यावाणी," सिंधूबाई म्हणाली. "बदाम सात खेळलेय मी. हे बदाम आठ नवीनच."

बाया हसल्या आणि तेव्हापासून त्या यंत्राचं नाव बदाम आठ पडलं.

नागसेनने विठाबाईला बरोबर माइकसमोर बसवलं. बाकीच्या तिच्या दोन्ही अंगांना अर्धगोलात. आईला तो म्हणाला, "आई, तू मोठीआईच्या शेजारी बस, म्हंजी समोर येशील."

"मी हितंच बरी," सोजराबाई म्हणाली, आणि अर्धगोलाच्या पार टोकाला, माइकच्या डाव्या बगलेला जाऊन बसली. तिचं तोंड माइककडेही नव्हतं, विठाबाईकडे होतं.

"अगं, बाजूला पडतीयास."

"झीलकऱ्याची जागा बाजूलाच अस्ती. तू तुझं यंत्र बघ."

पलीकडच्या टोकाला, माइकच्या उजव्या बगलेला, सिंधूबाई बसली होती. म्हणजे तोल बरोबर होता. कमी-जास्त काय झालं तर रुंदी नंतर बघू, असं मनात म्हणून तो माइकच्या मागे जाऊन उकिडवा बसला, कानाला हेडफोन लावून. पाळणा एका दमात झाला. सगळ्यांना घरी जायची घाई होती, त्यामुळे संपल्यावर कोण काय बोललं ते त्याच्याही ध्यानात राहिलं नाही. दोन माइकचे दोन वेगळे ट्रॅक कार्डावर उतरले आणि कार्ड डबीत गेलं.

ते डबीतच राहिलं. लग्नसराई आली, जयंती आली. सोजराबाई फोनवर दरवेळी विचारायची, "झाला का रं आमचा पाळणा?" हा म्हणायचा, "बसतो आई, ह्या आठवड्यात बसतो." मग उन्हाळ्यात एका सकाळी ती अंगणात सडा टाकता टाकता खाली बसली, आणि शिरूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलीसुद्धा. कुणाला काही कळायच्या आत.

विधी उरकून तो दौंडला परतला. आता बसायला वेळच वेळ होता, तरी ती डबी उघडायला वर्ष सरत आलं.

कॉम्प्युटरवर त्याने म्हाताऱ्याने शिकवल्याप्रमाणे मांडणी केली. डाव्या कानाला बदाम अधिक आठ. उजव्या कानाला बदाम, आणि आठ उलटा करून, म्हणजे वजा. मग आठाचा आवाज हळूहळू वर घ्यायचा. आठ बंद असताना सगळ्या बाया एकाच दारातून डोकावल्यासारख्या मधोमध गोळा झालेल्या. आठ वाढवत गेलं की खोली उघडत जाते, बाया आपापल्या जागेवर जाऊन बसतात. आणि डाव्या टोकाला त्याची आई. जाडसर, किंचित घोगरा, विठाबाईच्या ओळीखाली मायेने हात घालून तिला उचलणारा आवाज. नागसेनने आठ आणखी वाढवला. आई आणखी जवळ आली. आणखी वाढवला. शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने पाहिलं असतं तर कान धरला असता, कारण बाजू मधल्यापेक्षा मोठी होऊन बसली होती. पण कोण आपल्या आईला म्हणेल की थोडी लांब सरक?

डोळे पुसून त्याने तो पाळणा निमोण्याच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्याच दिवशी विठाबाईचा फोन. ती कधी फोन करत नसे, नातवाकडून लावून घेतला होता.

"नागसेन, सोजरा कुठं हाय?"

म्हातारपणी माणसं विसरतात हे त्याला ठाऊक होतं. "मोठीआई, आई गेली की गं."

"ते मला ठावं हाय. मी तिला माती दिलीया. पाळण्यात कुठं हाय ती? समदी हायती, सोजरा न्हाई."

चौफुला, न्हावरा करत तो मोटारसायकलवर निमोण्याला पोचला. विठाबाईने नातवाच्या मोबाइलवर पाळणा लावून दाखवला. खरंच. विठाबाईची ओळ खणखणीत येत होती, झील येत होती, पण झिलीच्या पोटात काहीच नव्हतं. विहारातल्या भोंग्यावर लावून पाहिलं, तिथेही तेच. कान देऊन ऐकलं तर तळाशी काहीतरी पुसट हलत होतं, विहिरीत पडलेल्या भांड्यासारखं.

"एका एका बाईचा आवाज गाळता येतो म्हणं यंत्रात," विठाबाई म्हणाली. तिने पदर डोळ्याला लावला नाही, नुसती समोर बघत राहिली. "वस्तीत बोलत्यात. विठाबाईनं पुतण्याला सांगून जावंचा आवाज काढाय लावला म्हणत्यात. जितेपणी पुढं बसू दिलं न्हाई, मेल्यावर मागनंबी काढली म्हणत्यात."

"मी न्हाई काढला, मोठीआई."

"मग कुणी काढला?"

ह्याचं उत्तर त्याला परतीच्या वाटेवर सापडलं आणि त्याने गाडी कडेला घेतली. मोबाइलला एक कर्णा, विहारात एकच तार. तिथे डावं आणि उजवं एकत्र होतं. डाव्यात आठ अधिक, उजव्यात तोच आठ वजा. बेरीज शून्य. हेडफोनमध्ये त्याने आईला जितकी जवळ ओढली होती तितकी ती सगळी आठाच्या बळावर होती, आणि भोंग्यात आठ स्वतःच स्वतःला खाऊन टाकत होता. उरलं ते बदामाने बाजूचं म्हणून अर्धंमुर्धं ऐकलेलं, तेही समोरच्या आवाजाखाली दबलेलं. एकदा फक्त एकाच कर्ण्यावर लावून बघायचं होतं. ते त्याने नेहमीप्रमाणे नंतरसाठी ठेवलं होतं. आईला दुसऱ्या कुणी नाही, त्यानेच पुसलं होतं, तेही मायेपोटी.

आता पहिला स्मृतिदिन तोंडावर आला होता. भंतेजी येणार, सगळी वस्ती जमणार, आणि भोंग्यावर पाळणा लागणार हे ठरून गेलं होतं. आई त्यात नसेल तर विठाबाईवरचा डाग कायमचा.

दौंडला येऊन त्याने बदाम पूर्ण बंद केला. नुसता आठ. आईपर्यंत पोचायची ती सरळ वाट होती.

नुसता आठ ऐकणं हे भल्याभल्यांना सोसत नाही. दोन्ही कानांना एकच आवाज, पण एकात सुलटा, एकात उलटा. मग तो डावीकडून येत नाही, उजवीकडून येत नाही, समोरून तर नाहीच. कवटीच्या मागे कुणीतरी उभं राहून बोलतंय असं वाटतं. आणि गंमत अशी, की समोर बसलेली विठाबाई त्यात नव्हतीच. तिचा खणखणीत आवाज भिंतीवर आपटून आलेला तेवढा होता, शेजारच्या गल्लीतल्या गाण्यासारखा. मेलेली आई मात्र मानेवर श्वास लागावा इतकी जवळ.

आणि आई गात नव्हती. आई कुजबुजत होती.

त्याने थांबवलं. पुन्हा लावलं. झील संपता संपता, बायांचा सूर अजून विरलेला नसताना, आई हलक्या आवाजात म्हणत होती, "सातव्या दिवशी... दिवा लावला..." आणि लगेच, लांबच्या गल्लीतून, विठाबाईची ओळ उठत होती:

सातव्या दिवशी दिवा लावला, अंधार दारचा दारी राहिला.

मग झील. झिलीच्या शेपटाला आई, "आठव्या दिवशी... पाटी आणली..." आणि विठाबाई आठव्या दिवशी पाटी आणत होती. पहिल्यापासून बाराव्यापर्यंत. एक ओळ अशी नव्हती जी आईने आधी सांगितली नव्हती. बदाम चालू असताना हेच सगळं झिलीखाली गाडलं जात होतं. त्याने किती वेळा ऐकलं असेल, पण बायांची चुळबुळ म्हणून सोडून दिलं होतं.

तेवढ्यात सोलापूरकडची गाडी गेली, खोलीतल्या गोधड्या हलल्या. म्हणून आई टोकाला बसली होती! तिथून विठाबाईला तिचे ओठ दिसत होते.

बायको सीमा चहा घेऊन आली. त्याचा चेहरा बघून तिने न विचारता हेडफोन कानाला लावला आणि दोन ओळींतच काढून टेबलावर ठेवला.

"आत्याबाई माझ्या मागं उभ्या हायत," ती म्हणाली, आणि मागे वळून बघितलंच. मग म्हणाली, "हे काय करणार तुम्ही?"

तोच तर पेच होता. भोंग्यासाठी रस्ता होता. डावी आणि उजवी बाजू एकत्र करायचीच नाही, नुसती डावी द्यायची. डावीत बदाम अधिक आठ, म्हणजे जणू एकच माइक मान वळवून आईकडे बघतोय. आठ जसजसा वाढवत न्यावा तसतशी आई वर येत होती, आणि पलीकडच्या टोकाची सिंधूबाई विरत जात होती. एका जागी आई विठाबाईच्या बरोबरीची झाली आणि सिंधूबाई जवळजवळ नाहीशीच झाली. त्याहून पुढे नेलं की सिंधूबाई पुन्हा उगवे. त्या जागेवर त्याने खूण केली. आईची झील आता भोंग्यावरही आली असती. पण झील आली की कुजबुजही येणार. आठाला आई हवी म्हणून सांगता येतं, आईचं एवढंच ऐक असं सांगता येत नाही. रुंदी ठेवली तर वस्तीला कळणार, की जिला कागद लागत नाही तिला सोजरा लागत होती. रुंदी मिटवली तर आई गेली, आणि डाग राहिला. एकीला वाचवायचं तर दुसरीला उघडं पाडायचं. कुजबुज कात्रीने कापून टाकावी असंही मनात आलं, पण ती झिलीच्या शेपटात गुंतलेली. आणि आईचे ते बोल स्वतःच्या हाताने कापायला त्याचा हात धजेना.

आयुष्यात पहिल्यांदा 'नंतर बघू' म्हणायला जागा नव्हती. त्याने लॅपटॉप पिशवीत घातला आणि निमोणे गाठलं.

विठाबाई ओसरीवर कांद्याच्या पाती निवडत होती. त्याने काही सांगितलं नाही, नुसता हेडफोन तिच्या डोक्यावर नीट बसवला आणि आठ सुरू केला. म्हातारीचे हात थांबले. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की तिच्यासाठी यात नवं काहीच नव्हतं.

"म्हंजी आलंय की ह्यात," ती म्हणाली. "मला वाटलं हुतं, बारीक बोलतीया, यंत्राला ऐकू जाणार न्हाई."

"कवापासनं, मोठीआई?"

"तुझं आप्पा, आमचं मालक, गेलं तवापासनं. आदी एकांदी ओळ जायची. मग समदंच जायला लागलं. सूर हाय, गळा हाय, बोल न्हाईत. मी म्हणलं सोजरा, आता तू म्हण, मी झील धरते. तर ती म्हणली, बाई, लोकं तुमाला ऐकाय येत्यात. मी सांगते, तुमी म्हणा. कुनाला कळत न्हाई."

आठ चालूच होता. विठाबाईचे ओठ हलले. नागसेनला बाहेर काही ऐकू येत नव्हतं, पण कळलं की कानात आईने ओळ दिली असणार, कारण म्हातारी हलकेच गायला लागली. सातवा दिवस. आठवा दिवस. नववा. वर्षभरात तिच्या तोंडून गाणं निघालं नव्हतं. समोर बदाम बंद होता, रेकॉर्डिंगमधली विठाबाई तिथे नव्हती, आणि त्या रिकाम्या जागेत ही विठाबाई बरोबर येऊन बसत होती.

त्याने उगाच, बघावं म्हणून, बदाम वर घेतला आणि आठ खाली उतरवला.

विठाबाई थांबली. "गेली," ती म्हणाली.

त्याने आठ वर घेतला.

"आली." आणि दहावा दिवस.

ओसरीवर ऊन होतं, कोंबड्या फिरत होत्या, आणि तरी नागसेनला मागे वळून बघायची छाती झाली नाही. शेवटी त्याने हेडफोन उतरवला आणि सगळं सांगितलं: रुंदी ठेवली तर काय, मिटवली तर काय. "तू म्हणशील तसं करतो," तो म्हणाला.

विठाबाईने पातीची जुडी बांधली. "लाज वाटतीया मला," ती सरळ म्हणाली. "हारतुरे मी घेतले, आन् ती बाजूला बसली. पर आता तिला पुसून मी आणिक किती दिवस मिरवू? मलाबी जायचंच हाय. उघडं कर."

स्मृतिदिनाला सकाळी त्याने विहारापुढच्या कडुनिंबाच्या झाडाला भोंगा बांधला आणि आधी एकदा लावून पाहिलं. सिंधूबाई कमरेवर हात ठेवून ऐकत उभी राहिली.

"आरं, सोजरा आली ह्यात. पर मी कुठं हाय? मी मेले व्हय?"

"काकू, तिला वर घेताना तुम्ही गेलात. तुम्ही हायात, तुमचं रेकॉर्डिंग परत करता येईल."

"असू दे," सिंधूबाई म्हणाली. "तेवढी जागा दिली मी तिला."

वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, फोटोला फुलं वाहून झाली. विठाबाई नातवाच्या आधाराने उभी राहिली आणि माइक हातात न घेताच बोलली. "ह्या पाळण्यातलं बोल माझं न्हाईत. मला आठवत न्हवतं. सोजरा सांगायची, मी म्हणायची. आता ऐका." ती खाली बसली. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

नागसेनने पाळणा लावला. आधी भोंग्यातून कुजबुज निघाली. एवढ्या मोठ्या कर्ण्यातून एवढा बारीक आवाज वस्तीवर कधी पसरला नव्हता. उसाच्या बांधापर्यंत सोजराबाई कानात सांगितल्यासारखी सांगत होती, पहिल्या दिवशी... आणि मग खणखणीत विठाबाई. तिसऱ्या ओळीपासून सतरंजीवर अर्धगोलात बसलेल्या बाया कुणी न सांगता झील धरू लागल्या. कुजबुज आली की गप्प व्हायच्या, ओळ झाली की झील. बाराव्या दिवसापर्यंत असंच चाललं.

पूर्वी पाठवताना त्याने पाळण्याचं शेपूट कापलं होतं. यावेळी कात्री लावायला त्याचा हात उठला नव्हता, आणि शेवटपर्यंत ऐकायची हिंमतही झाली नव्हती. त्यामुळे झील संपल्यावर भोंग्यातून आणखी आवाज येईल हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"झालं का रं नागसेन?" भोंगा म्हणाला. "का आणिक येकदा म्हणू? आता मी पुढं बसते."

मग काहीच नाही. भोंग्यात कुठेतरी पाण्याची मोटार चालू होती, चिमण्या होत्या. सगळ्यांनी उत्तराची वाट पाहिली. नागसेन अँप्लिफायरमागे उभा होता आणि त्याला सगळं आठवलं. तो माइकच्या मागे उकिडवा बसला होता. मागचं बदामाला ऐकू येत नाही. मागचं आठालाही ऐकू येत नाही. मान खाली घालून तो जे पुटपुटला होता ते ह्या दोघांपैकी कुणीच ऐकलेलं नव्हतं. आईने तेवढं ऐकलं होतं.

"बरं," भोंग्यातली आई म्हणाली. आणि रेकॉर्डिंग संपलं.

विठाबाई वळून त्याच्याकडे बघत होती. "ती कुनाला बरं म्हणली?"

"मला."

"तू काय म्हणला हुतास तिला?"

वस्तीतल्या लहान पोरालाही ते उत्तर ठाऊक होतं, पण आज कुणी हसलं नाही. नागसेनने अँप्लिफायर बंद केला. मग तो म्हणाला, "नंतर म्हणलो हुतो."

सतरंजीवर हात टेकत विठाबाई उठली, आणि अर्धगोलाच्या डाव्या टोकाला, सोजराबाईच्या जागेवर जाऊन बसली.

"बदाम आठ आणलंयस का?"

"गाडीत हाय."

"मग आण. आत्ता."

तो गाडीकडे धावला. स्टँड मांडला, एकावर एक माइक बसवले. बाया आपापल्या जागी सरकल्या, सिंधूबाई उजव्या टोकाला गेली. माइकसमोरची जागा कुणी घेतली नाही. त्याने कुणाला तिथे बसायला सांगितलं नाही, आणि बटण दाबलं.